करार पुढे न्यायचा नसेल, तर ठेकेदाराला कसे कळवावे?

गृहनिर्माण सोसायट्यांमध्ये भांडणे लागतात ती पार्किंगवरून आणि गळतीवरून, असा सर्वसाधारण समज आहे. कमिटीवर काम केलेल्या माणसाला आणखी एक जागा माहीत असते. ती म्हणजे सफाईच्या किंवा पहाऱ्याच्या ठेकेदाराचा शेवटचा महिना. वर्षभर रोज दिसणारी माणसे, दरमहा जाणारे बिल, आणि एक दिवस कमिटी ठरवते की पुढचा करार या एजन्सीबरोबर करायचा नाही. निर्णय घ्यायला अर्धा तास लागतो. तो नीट न कळवल्यामुळे झालेला गुंता मात्र कधी कधी वर्षभर चालतो: शेवटचे बिल अडते, अनामत अडते, आणि ज्यांचा या वादाशी काही संबंध नाही अशा झाडूवाल्या बायकांचा पगार अडतो.

हे सगळे टाळता येते. त्यासाठी लागते एक पानभर पत्र, योग्य तारखेला दिलेले, आणि शेवटच्या पैशांचे आधीच ठरवलेले वेळापत्रक. पुण्यातल्या किंवा ठाण्यातल्या कोणत्याही मध्यम सोसायटीत शोभेल असे एक उदाहरण घेऊ. समजा, सोसायटीने सफाईचे काम एका भागीदारी एजन्सीला दिले आहे. कामाला पाच माणसे, प्रत्येकामागे महिना २०,८०० रुपये दर. त्यात पगार, पीएफ, ईएसआय, बोनस आणि एजन्सीचा आकार सगळे आले. करार १ नोव्हेंबरला सुरू झाला, ३१ ऑक्टोबरला संपतो. एजन्सीने ५०,००० रुपये अनामत ठेवली आहे. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात कमिटीने ठरवले की नूतनीकरण नको.

मुदत संपणे आणि करार मोडणे

सर्वांत आधी कमिटीने स्वतःशी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. आपण करार मोडत नाही. मुदत संपल्यावर तो पुढे नेत नाही. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मुदतीच्या मध्येच करार रद्द करायचा तर करारातले रद्द करण्याचे कलम लागते, कसूर दाखवावी लागते, बहुतेक करारांत आधी सुधारण्याची संधी द्यावी लागते. ठरलेल्या मुदतीचा करार मात्र मुदतीच्या शेवटच्या दिवशी आपोआप संपतो. पुढचे वर्ष मिळालेच पाहिजे असा हक्क ठेकेदाराला नसतो आणि ते का दिले नाही याचे कारण देण्याची कायदेशीर सक्तीही खासगी सोसायटीवर नसते. सरकारी खात्याची गोष्ट वेगळी. तिथे मनमानीचा आरोप घटनेच्या समानतेच्या कलमाखाली न्यायालयात जाऊ शकतो.

अनेक पत्रांत लिहिलेले असते, ‘आपला करार तात्काळ प्रभावाने रद्द करण्यात येत आहे.’ मनात असते मुदत संपवण्याचे आणि कागदावर उतरते करार मोडल्याचे. मग ठेकेदाराचा वकील विचारतो, कोणत्या कलमाखाली रद्द केला? तेव्हा पत्रात ‘रद्द’ नको. ‘३१ ऑक्टोबर रोजी मुदत संपत असून त्यापुढे नूतनीकरण करण्यात येणार नाही’ एवढेच पुरे.

नोटिशीची मुदत पाळली नाही तर काय होते, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने इंडियन ऑइल विरुद्ध अमृतसर गॅस सर्व्हिस या १९९० सालच्या निकालात दिले आहे. गॅस वितरणाचा तो करार दोन्हींपैकी कोणीही ३० दिवसांच्या नोटिशीने संपवू शकत होता. कंपनीने तशी नोटीस न देता करार संपवला. लवादाने वितरकाला करार परत बहाल केला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो भाग काढून टाकला आणि सांगितले की असा करार जबरदस्तीने चालू ठेवायला लावता येत नाही. वितरकाला भरपाई मिळेल ती नोटिशीच्या ३० दिवसांत बुडालेल्या कमाईची. ठेकेदाराला आणि सोसायटीला, दोघांनाही या निकालातून आपली सीमा कळते. काम परत मिळणार नाही. नोटिशीच्या दिवसांचे मोल मात्र द्यावे लागेल.

शेवटची तारीख मोजायची कशी

आता करार उघडा आणि एकच कलम शोधा. आपल्या उदाहरणात ते असे आहे: ‘मुदत संपण्याच्या किमान ३० दिवस आधी कोणत्याही पक्षाने लेखी कळवले नाही, तर हा करार त्याच अटींवर आणखी एक वर्ष वाढला असे समजण्यात येईल.’ हे आपोआप वाढण्याचे कलम एजन्सीने दिलेल्या छापील करारात अनेकदा असते आणि सही करताना ते कोणी वाचत नाही. इथे ३१ ऑक्टोबरच्या ३० दिवस आधी म्हणजे १ ऑक्टोबरपर्यंत पत्र एजन्सीच्या हातात पडले पाहिजे. २ तारखेला पडले, तर ठेकेदार म्हणू शकतो की मला आणखी एक वर्ष मिळाले.

पत्र लिहिले त्या दिवसापासून मुदत मोजू नये. मिळाले त्या दिवसापासून मोजावी. म्हणून पत्र तीन वाटांनी जावे: करारात दिलेल्या पत्त्यावर स्पीड पोस्टने, करारात दिलेल्या ई-मेलवर, आणि शक्य असेल तर हाताने, कार्बन प्रतीवर एजन्सीचा शिक्का व सही घेऊन. सोसायटीत सुपरवायझरच्या हातात दिलेले पत्र एजन्सीला मिळाले असे धरता येईलच असे नाही, कारण सुपरवायझरला पत्रे स्वीकारण्याचा अधिकार असतोच असे नाही. अगदी काठावर न जाता १५ सप्टेंबरच्या आसपास पत्र गेले तर एजन्सीलाही या पाच जणांना दुसऱ्या जागी लावायला सहा आठवडे मिळतात.

पत्राआधी ठराव हवा. कमिटीच्या बैठकीत विषय घेऊन, इतिवृत्तात ठराव नोंदवून, सचिवाने त्या ठरावाच्या आधारे पत्र लिहायचे. अध्यक्षांनी फोनवर ‘पुढच्या महिन्यापासून येऊ नका’ म्हणणे याला संस्थेचा निर्णय म्हणत नाहीत. मूळ करार वार्षिक सभेने मंजूर केला असेल तर हा निर्णयही पुढच्या सभेपुढे ठेवावा. सोसायटीत अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेचाच असतो.

आणि पत्र टपालात पडण्याआधी एजन्सीच्या मालकाला बोलावून समोर सांगावे. वर्षभर काम करणाऱ्या माणसाला ही बातमी पाकिटातून कळू नये. एवढेच की त्या भेटीत पत्रापेक्षा वेगळे आश्वासन कोणी देऊ नये.

कारण लिहायचे की नाही?

सक्ती नसली तरी कारण लिहावे, असे माझे ठाम मत आहे. कारण न सांगता काम काढून घेतले की ठेकेदार स्वतःच कारण शोधतो: कमिटीतल्या कोणाचा तरी नातेवाईक येणार असेल, कोणी कमिशन मागितले असेल. शिवाय पुढच्या सभेत सभासद विचारतातच. पण कारण लिहिताना एक शिस्त पाळावी: जे आपल्या दप्तरात सापडते तेवढेच लिहायचे.

कारणे बहुतेक तीन जातींची असतात. पहिली, गरज बदलली. सोसायटीने ओला कचरा खत करायला स्वतःचा माणूस नेमला, आता पाचऐवजी तीनच जण हवेत. दुसरी, दर. इतर दोन एजन्सींची लेखी दरपत्रके कमी आली. तिसरी, कामाचा दर्जा. पहिली दोन कारणे सरळ लिहावीत. त्यात कोणाचा मान जात नाही. तिसऱ्यात खरी काळजी घ्यायची.

‘काम समाधानकारक नव्हते’ या वाक्याला काहीच आधार नसतो. त्याऐवजी मस्टर उघडा. जूनमध्ये ९, जुलैमध्ये ११, ऑगस्टमध्ये १३ हजेऱ्या कमी भरल्या आणि बदली माणूस आला नाही, हे लिहिता येते, कारण मस्टरवर सुपरवायझरचीच सही आहे. ‘बी विंगचा जिना आठवड्यातून दोनदा धुण्याचे ठरले होते, याबद्दल २० जून आणि ४ ऑगस्टला ई-मेल पाठवले’ हेही लिहिता येते. मस्टर नसेल, ई-मेल नसेल, तक्रारवहीत नोंद नसेल, तर दर्जाचे कारण पत्रात घालूच नये. चोरी, लबाडी, गैरवर्तन असे शब्द तर पोलिसांत दिलेली तक्रार हातात असल्याशिवाय मुळीच नकोत. असे पत्र नोटीस बोर्डावर किंवा सोसायटीच्या ग्रुपवर टाकले तर अब्रुनुकसानीच्या दाव्याला आमंत्रण मिळते. सभासदांना कळवायचे ते एवढेच: १ नोव्हेंबरपासून सफाईचे काम दुसरी एजन्सी पाहील.

पत्राचा नमुना

वरच्या उदाहरणासाठी पत्र असे होईल:

*विषय: सफाई सेवा कराराचे नूतनीकरण न करण्याबाबत.*

*महोदय,*

*आपल्या संस्थेबरोबर झालेल्या सफाई सेवा कराराची मुदत ३१ ऑक्टोबर रोजी संपत आहे. व्यवस्थापक कमिटीच्या ७ सप्टेंबरच्या बैठकीतील ठरावानुसार या कराराचे पुढे नूतनीकरण करण्यात येणार नाही. कराराच्या नूतनीकरणाच्या कलमानुसार आवश्यक असलेली ३० दिवसांची लेखी सूचना या पत्राने देत आहोत.*

*निर्णयाची कारणे: (१) जून ते ऑगस्ट या काळात मस्टरप्रमाणे एकूण ३३ हजेऱ्या कमी भरल्या व बदली कामगार मिळाले नाहीत. (२) खतप्रकल्प सुरू झाल्यामुळे संस्थेची मनुष्यबळाची गरज कमी झाली आहे.*

*३१ ऑक्टोबरपर्यंत काम करारानुसार चालू राहील व त्याचे पैसे ठरलेल्या दराने मिळतील. ऑक्टोबरचे बिल व मस्टर २ नोव्हेंबरपर्यंत द्यावे. बिलातील कामगारांच्या पगाराचा भाग ५ नोव्हेंबरला, उरलेली रक्कम पगार, पीएफ व ईएसआय भरल्याचे पुरावे मिळाल्यावर २० नोव्हेंबरपर्यंत, आणि अनामत संस्थेचे साहित्य परत मिळाल्यावर ३० नोव्हेंबरपर्यंत देण्यात येईल. कोणतीही वजावट करायची झाल्यास तिचा हिशेब लेखी कळवू.*

*आपण दिलेल्या सेवेबद्दल आभारी आहोत.*

*आपला, सचिव*

पत्र यापेक्षा लांब करू नये. जुन्या तक्रारींचा पाढा, दंडाच्या धमक्या, ‘हक्क राखून ठेवत आहोत’ छापाची वाक्ये यांनी पत्राचे वजन वाढत नाही. तारखा आणि रकमा मात्र एकही सुटता कामा नये.

शेवटच्या बिलाचा हिशेब

वाद पेटतो तो इथे, म्हणून आकडे सावकाश पाहू. पाच जणांचे महिन्याचे १,०४,००० रुपये. करारात महिन्याचे २६ दिवस धरले आहेत, म्हणजे एका हजेरीचे ८०० रुपये. ऑक्टोबरमध्ये सहा हजेऱ्या कमी भरल्या. ४,८०० वजा जाता बिल ९९,२०० रुपयांचे. त्यावर १८ टक्के जीएसटी १७,८५६ रुपये. एकूण १,१७,०५६. यातून सोसायटी टीडीएस कापेल. भागीदारी संस्थेला तो २ टक्के आणि एकट्या मालकाच्या एजन्सीला १ टक्का लागतो. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर टीडीएस मूळ रकमेवरच कापायचा, म्हणजे इथे १,९८४ रुपये. एजन्सीला द्यायचे राहिले १,१५,०७२ रुपये.

ही रक्कम कधी द्यायची? सोसायटीची सवय असते की ‘सगळे पुरावे आणा, मग चेक’. एजन्सीचे म्हणणे असते की ‘चेक द्या, मग पगार करतो’. दोघांचेही ऐकले तर पाच माणसे ७ तारखेला रिकाम्या हाताने घरी जातात. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत झाला पाहिजे, असा कायदा आहे. आणि ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी ज्याच्यासाठी काम झाले त्याच्यावर येऊ शकते, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होते आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. म्हणजे पैसे अडवून सोसायटी स्वतःलाच अडचणीत आणते.

म्हणून रक्कम दोन हप्त्यांत द्यावी. ५ नोव्हेंबरला ७०,००० रुपये, म्हणजे पाच जणांच्या हाती पडणारा पगार भागेल एवढे. एजन्सीने ७ तारखेपर्यंत ते कामगारांच्या बँक खात्यांत भरून त्याचा उतारा द्यायचा. पीएफ आणि ईएसआय भरण्याची तारीख १५. ती चलने आणि त्यासोबतची कामगारांच्या नावांची यादी दाखवली की उरलेले ४५,०७२ रुपये २० नोव्हेंबरच्या आत. चलनावर केवळ एकूण रक्कम असते. आपल्या इमारतीतली पाच नावे त्या यादीत आहेत की नाहीत, ते खजिनदाराने बोट ठेवून वाचावे. सगळ्यात जास्त फसवणूक इथेच लपते: चलन खरे असते, नावे दुसऱ्याच जागेची असतात.

ठेकेदाराच्या बाजूनेही कायदा आहे आणि तो कडक आहे. एजन्सी सूक्ष्म किंवा लघुउद्योग म्हणून उद्यम नोंदणी केलेली असेल, तर २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार तिचे पैसे करारात ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत कितीही लिहिली तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. लेखी मुदत नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. ३१ ऑक्टोबरला संपलेल्या कामाची बाहेरची हद्द त्यामुळे १५ डिसेंबर. कामाबद्दल हरकत असेल तर तीही सेवा मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत लेखी घ्यावी लागते. डिसेंबरात आठवलेली फुटकी कुंडी बिल अडवायला उपयोगी पडत नाही.

अनामतीचा वेगळा हिशेब ठेवावा. ३१ ऑक्टोबरला संध्याकाळी सचिव आणि सुपरवायझर यांनी दोघांनी मिळून यादी करावी: गच्चीच्या आणि पंपाच्या खोलीच्या किल्ल्या, सोसायटीचा पाइप, शिडी, कचऱ्याचे डबे, आणि उलट एजन्सीचे फरशी घासण्याचे मशीन तिला परत. यादीवर दोघांच्या सह्या. काही कमी असेल तर त्याची किंमत तिथेच लिहावी. बाकी अनामत पूर्ण परत द्यावी. बिलातल्या वादासाठी अनामत रोखणे आणि अनामतीतल्या वादासाठी बिल रोखणे, दोन्ही टाळावे.

कामगारांचे काय?

नवी एजन्सी आली तरी माणसे बरेचदा तीच राहतात. सभासदांना ओळखीची माणसे हवी असतात, त्यांनाही जवळचे काम सोडायचे नसते. आपल्या उदाहरणात पाचांपैकी तिघे जण राहतील. तसे करायचे तर जुन्या एजन्सीशी आधी बोलावे, कारण काही करारांत तिची माणसे अमुक महिने न घेण्याची अट असते.

तिघांच्या बाबतीत दोन गोष्टी पाहायच्या. जुन्या एजन्सीने पीएफच्या संकेतस्थळावर त्यांची काम सोडल्याची तारीख भरली का? ती भरली नाही की पुढे पैसे काढताना किंवा खाते वर्ग करताना अडते. एजन्सीने टाळाटाळ केली तर काम सोडल्यावर दोन महिन्यांनी कामगाराला स्वतःही ती तारीख भरता येते. शिकलेल्या एखाद्या सभासदाने दहा मिनिटे बसून हे करून द्यावे. आणि नव्या एजन्सीने जुनाच यूएएन क्रमांक वापरावा, नवा काढू नये. दिवाळी तोंडावर असेल तर बोनसचेही विचारावे. दरात बोनस धरला असेल तर सोसायटीने तो वर्षभर भरलाच आहे. तो कामगारांपर्यंत पोचल्याचा पुरावा शेवटच्या हप्त्याआधी मागणे हा सोसायटीचा हक्क आहे.

एक चूक मात्र अनेक ठिकाणी होते. नवी एजन्सी वेळेवर येत नाही, आणि जुनीचीच माणसे १ नोव्हेंबरनंतरही झाडत राहतात. आठ-दहा दिवस कोणी काही बोलत नाही. मग जुनी एजन्सी पूर्ण महिन्याचे बिल पाठवते आणि म्हणते, करार चालूच आहे. काम घेतले असेल तर त्याचे पैसे द्यावेच लागतात. म्हणून ३१ ऑक्टोबरच्या आधीच दोन ओळींचे पत्र द्यावे: १५ नोव्हेंबरपर्यंत केवळ तात्पुरती मुदतवाढ, दर तोच, रोजच्या हजेरीप्रमाणे पैसे, आणि त्याने मूळ कराराचे नूतनीकरण झाले असे समजू नये.

तुम्ही कमिटीवर असाल, तर या आठवड्यात कपाटातले सगळे ठेके बाहेर काढा: सफाई, पहारा, लिफ्ट, पाण्याचे टँकर, कीटकनाशक फवारणी. प्रत्येकावर दोन तारखा पेन्सिलीने लिहा: करार संपण्याची आणि कळवण्याची शेवटची. दुसरी तारीख उलटून गेली असेल तर ठेकेदाराला निरोप देण्याचा मार्ग नोटिशीच्या कलमातून नाही, रद्द करण्याच्या कलमातून जातो, आणि तो बराच लांबचा आहे.